वॉरंटी आहे हो, फक्त मिळत नाही!

टायर विकताना "भाऊ, बिनधास्त राहा, वॉरंटी आहे!" आणि धुळ्याकडच्या खड्ड्यात साइडवॉलला टेंगूळ आलं की "हा मार लागलाय, कंपनीचा दोष नाही." मग खड्ड्या-दगडांच्या मारासाठीची रोड हॅझर्ड वॉरंटी कशाला दिली होती? तर म्हणे, मुदतीत नोंदणीच झाली नाही! बरं, झाली असली तरी टायर उतरवून आत बघणार. रबराचा काळा भुगा आणि गोल चट्टा दिसला की "हवा कमी असताना चालवलाय", क्लेम बाद! मंजूर झाला तरी पूर्ण पैसे कुठे? टायरची ८ मिलिमीटर खोल नक्षी झिजून ४.८ वर आलेली, १.६ ला टायर संपतो, म्हणजे निम्मा झिजला. ६,००० च्या टायरला ३,००० आपल्याच खिशातून. टायर अमुक किलोमीटर टिकेल या मायलेजच्या हमीला तर अलाइनमेंटच्या पावत्या हव्यात! त्या काय देव्हाऱ्यात ठेवायच्या?