ओपेक, कोटा आणि चोरून विकलेलं तेल

पेट्रोल महागलं की कुणीतरी म्हणतंच, "हे अरब लोक एकत्र बसून भाव ठरवतात, आपण काय करणार". बसतात हे खरं, पण ठरलेलं पाळणं किती अवघड असतं ते बघायचं तर १९८३ ते ८६ बघा.

मार्च १९८३ ला लंडनमध्ये ओपेक या तेल विकणाऱ्या देशांच्या संघटनेतल्या १३ देशांनी बॅरलचा भाव ३४ वरून २९ डॉलरवर आणला आणि तो टिकावा म्हणून दिवसाला १ कोटी ७५ लाख बॅरलची मर्यादा घालून घेतली. आता सोपा हिशोब करू, आकडे माझे. तुमचा कोटा १० लाख बॅरल, भाव २८, काढायचा खर्च ३, म्हणजे रोजचे अडीच कोटी डॉलर. गुपचूप एक डॉलर सूट देऊन १२ लाख विकले तर २ कोटी ८८ लाख! आणि तुमच्या दोन लाखांनी जगाचा भाव फारसा हलत नाही. पण हाच हिशोब बाकीचे बाराही जण करतात, भाव १५ वर येतो, आणि तेच १२ लाख विकून हातात १ कोटी ४४ लाख. हे सगळ्यांना आधीच कळत असतं, तरी आपण एकट्याने हात आखडता घेतला तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाणार हीच भीती जास्त.

बरं, चोरी पकडायची कशी? कागदावर भाव ठरलेलाच असतो, पण उधारीची मुदत वाढवून द्यायची, तेलाच्या बदल्यात माल घ्यायचा, वाहतुकीत सूट द्यायची, सगळं आतल्या आत. मला वाटतं कार्टेलचं, म्हणजे एकत्र येऊन भाव ठरवणाऱ्या अशा गटाचं, खरं दुखणं इथे आहे, हाव तर सगळीकडेच असते पण इथे कोण चोरतोय ते वेळेत दिसत नाही, दिसलं तरी कोर्टात जाता येत नाही.

सगळा भार सौदीवर. बाकीचे जास्त काढायचे, वरून ओपेकबाहेरच्या ब्रिटन-नॉर्वेचं नॉर्थ सीमधलं तेल येत होतं, आणि भाव टिकवायला सौदी आपलं कमी करत गेला, १९८० ला दिवसाला एक कोटीच्या आसपास होतं ते १९८५ च्या उन्हाळ्यात २५ लाखांच्याही खाली. शेवटी त्यांनी नेटबॅक करार सुरू केले, म्हणजे रिफायनरीत तेलाचं पेट्रोल-डिझेल होऊन जे विकलं जाईल त्यावरून कच्च्या तेलाचा भाव काढायचा, रिफायनरीचा नफा पक्का. मग गिऱ्हाईक का नाही येणार? सौदीचं तेल परत बाजारात भरभरून आलं आणि १९८६ च्या मध्यापर्यंत भाव १० डॉलरच्या आसपास कोसळला. चोरांना शिक्षा झाली, पण शिक्षा देणाऱ्याचाही खिसा फाटला, आणि ऑक्टोबरमध्ये सौदीचे तेलमंत्री यामानी यांना पदावरून काढलं.

डिसेंबर १९८६ ला परत बसले, १८ डॉलर भाव, नवे कोटे. पुढच्याच वर्षी काही जण परत कोट्याच्या वर!