जीमेलमध्ये अनोळखी शहर दिसलं की खातं हॅक? फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

«कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, अगदी खाली उजवीकडे Details वर क्लिक करा. तुम्ही कधी गेला नाहीत अशी जागा दिसली तर समजा अकाउंट हॅक झालं. लगेच पासवर्ड बदला, हॅकर आपोआप बाहेर जाईल. आणि गूगलचा अलर्ट आला नसेल तर निर्धास्त राहा. सगळ्या ग्रुपवर पाठवा.»

जागेचं आधी घेऊ, कारण लोक घाबरतात ते तिथेच. Details वर क्लिक केल्यावर जो तक्ता उघडतो, त्यातली जागा तुमच्या फोनच्या जीपीएसवरून आलेली नसते. इंटरनेट कंपनीने तुम्हाला त्या वेळी जो आयपी पत्ता दिला, तो साधारण कुठला आहे याचा तो अंदाज असतो. मोबाइल डेटावर तर एकच पत्ता कंपनी एकाच वेळी असंख्य ग्राहकांना वाटून देते आणि त्याची नोंद बहुतेकदा एखाद्या मोठ्या शहराच्या नावावर असते. म्हणून चिपळूणच्या माणसाला मुंबई दिसते, कधी दुसरं राज्यही दिसतं. तुमचं इंटरनेट दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमार्गे नेणारं व्हीपीएन सुरू असेल तर परदेशही दिसू शकतो. यातलं काहीही चोरीचा पुरावा नाही.

त्या तक्त्यात जागेच्या आधी एक रकाना असतो, Access Type. मेल कशातून उघडली गेली, ब्राउझर, मोबाइल, की IMAP सारख्या मार्गाने दुसरं एखादं ॲप, हे तो सांगतो. वाचायला सुरुवात तिथून करावी. मालवणकडच्या एका शिक्षिकेने हा मेसेज वाचून तक्ता उघडला, तर तीन प्रकारच्या ओळी दिसल्या. ब्राउझर, महाराष्ट्र: हा घरच्या ब्रॉडबँडवरचा लॅपटॉप. मोबाइल, महाराष्ट्र, पण आयपी दर वेळी वेगळा: हा त्यांचा फोन, मोबाइल डेटावर. आणि तिसरी ओळ IMAP, अमेरिका, दिवसरात्र थोड्याथोड्या वेळाने. ही बघून त्यांचा धीरच सुटला.

त्यांच्या फोनवर आउटलुक ॲप होतं आणि त्यात हेच जीमेल खातं जोडलेलं होतं. आउटलुकचं मोबाइल ॲप मेल थेट फोनवर ओढत नाही. मायक्रोसॉफ्टचे सर्व्हर ती घेतात आणि मग फोनला देतात. त्यामुळे तक्त्यात पत्ता दिसतो तो त्या सर्व्हरचा. हा तर्क तपासणं अवघड नव्हतं. त्यांनी तो आयपी पत्ता एका whois साइटवर टाकून मालक पाहिला, तर मायक्रोसॉफ्ट निघाली. मग myaccount.google.com/connections वर जाऊन आउटलुकची परवानगी काढली आणि दुसऱ्या दिवशी तक्ता पुन्हा पाहिला. अमेरिकेच्या नव्या ओळी थांबल्या होत्या. थांबल्या नसत्या, तर मात्र खातं कुणीतरी वाचतंय असं धरूनच चालावं लागलं असतं.

शहरापेक्षा आयपीचा मालक पाहणं जास्त उपयोगाचं आहे. जिओ, एअरटेल, तुमचा ब्रॉडबँडवाला हे घरगुती मालक. ब्राउझरची ओळ असेल, मालक एखादी सर्व्हर भाड्याने देणारी कंपनी असेल आणि तुम्ही व्हीपीएन वापरत नसाल, तर ती ओळ गंभीर आहे, मग जागा म्हणून पुणे का लिहिलेलं असेना. उलट बाजूही सांगायला हवी: चोराला तुमच्याच राज्यातला घरगुती आयपी भाड्याने मिळू शकतो. ओळखीची जागा दिसली म्हणजे खातं सुरक्षित, असं या तक्त्यावरून कधीच म्हणता येत नाही. वेळ पाहा. तुम्ही झोपेत असताना ब्राउझरची ओळ असेल तर विचारा, ती कुणाची.

myaccount.google.com/device-activity हे पान वेगळं आहे. सध्या लॉगइन असलेली आणि गेल्या 28 दिवसांत लॉगआउट झालेली उपकरणं तिथे दिसतात. एकच लॅपटॉप दोनदा दिसला म्हणून दचकू नका. पान लॉगइनची सत्रं दाखवतं, आणि क्रोम व फायरफॉक्स दोन्हींत लॉगइन असाल तर सत्रं दोन होतात. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये «डेस्कटॉप साइट» चालू करून लॉगइन केलं असेल तर उपकरणाच्या जागी लिनक्स दिसू शकतं, कारण त्या वेळी ब्राउझर स्वतःची ओळख तशीच सांगतो.

आता पासवर्ड. तो बदलला की गूगल बहुतेक ठिकाणांहून लॉगआउट करतं, पण सगळीकडून नाही. लॉगइन करताना «हे मीच» अशी खात्री देण्यासाठी जे उपकरण वापरता ते राहू शकतं, आणि परवानगी दिलेल्या बाहेरच्या ॲपची काही उपकरणंही राहू शकतात. शिवाय आत येऊन गेलेला माणूस मागे काहीतरी सोडून गेलेला असू शकतो: मेल दुसरीकडे पाठवणारं फॉरवर्डिंग, बँकेची मेल परस्पर उडवणारा फिल्टर, बदललेला रिकव्हरी नंबर. पासवर्ड बदलून यातलं काहीही पुसलं जात नाही. फॉरवर्डिंग आणि फिल्टर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये, रिकव्हरी नंबर गूगल खात्याच्या सेटिंग्जमध्ये, असं हे एकेक हाताने पाहावं लागतं, आणि अनोळखी सत्र device-activity वरून स्वतः बाहेर काढावं लागतं.

«अलर्ट नाही म्हणजे निर्धास्त» हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. अलर्ट मुख्यतः नव्या लॉगइनवर येतो. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर आलेला व्हायरस ब्राउझरमधल्या कुकीज, म्हणजे तुमचं लॉगइन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी, चोरतो तेव्हा चोर तुमचंच चालू असलेलं सत्र वापरतो. पासवर्ड टाकावा लागत नाही, ओटीपी लागत नाही, म्हणून अलर्टही येईलच असं नाही. अशा वेळी पासवर्ड त्याच मशीनवर बदलला तर नवा पासवर्डही चोराला मिळेल. आधी दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदला आणि लॅपटॉपचं सत्र काढून टाका. तो लॅपटॉप साफ होईपर्यंत त्यावर लॉगइन करू नका.

अलर्ट आलाच, तर त्याचे शब्द नीट वाचा. नवं लॉगइन झाल्याचा अलर्ट म्हणजे कुणीतरी आत आलं, बहुधा तुम्हीच, नवा फोन घेतल्यावर. प्रयत्न अडवल्याचा अलर्ट वाचून लोक सुस्कारा सोडतात. पण त्यात तुमचा पासवर्ड वापरला गेल्याचं लिहिलेलं असेल आणि तो प्रयत्न तुमचा नसेल, तर पासवर्ड बाहेर फुटलेला आहे. तो बदलायलाच हवा, आणि तोच पासवर्ड इतर जिथे जिथे ठेवलाय तिथेही. न मागता आलेल्या ओटीपीचा अर्थ इतका पक्का नसतो. खातं परत मिळवण्याच्या पानावर कुणी तुमचा मेल किंवा नंबर टाकला तरी तो येऊ शकतो. तो कुणाला सांगू नका.

अलर्टच्या मेलमधलं बटण दाबू नका, पाठवणाऱ्याचा पत्ता गूगलचा दिसत असला तरी. ब्राउझरमध्ये स्वतः myaccount.google.com/notifications टाइप करा. खरी घटना असेल तर ती तिथे नोंदलेली सापडेल. आणि अलर्ट कोणत्या खात्याचा आहे तेही पाहा: वडिलांच्या खात्याला तुमचा मेल रिकव्हरी म्हणून दिलेला असेल, तर त्यांच्या खात्याच्या अलर्टची प्रत तुम्हाला येते, आणि तेव्हा तपासायचं पान त्यांच्या खात्यातलं असतं, तुमच्या नाही.