बीएचा प्रकल्प नोकरीच्या अर्जात कसा मांडायचा

“आर्ट्स केलं म्हणजे हातात कौशल्य काहीच नाही. लिहिता-बोलता तर सगळ्यांनाच येतं. आधी एखादा टेक्निकल कोर्स कर, नाहीतर मिळेल ते काम धर.”

बीए झालेल्यांना असा सल्ला अनेकदा ऐकावा लागतो. पण कौशल्य असतं, फक्त अर्जात ते दिसत नाही. ‘उत्तम संवादकौशल्य, संशोधनाची आवड’ हे जवळपास प्रत्येक रेझ्युमेवर असतं, त्यामुळे निवड करणारा ते वाचून न वाचल्यासारखं करतो. समजा, समाजशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने घरकाम करणाऱ्या बायकांवर प्रकल्प केलाय. रेझ्युमेवर ती त्याचं जडजंबाल शीर्षक लिहिते, पण ते परीक्षकांसाठी असतं. प्रत्यक्षात तिने प्रश्नावली तयार केली, ती आधी दोघींवर वापरून पाहिली, न कळलेले प्रश्न बदलले, मग 15 जणींच्या मुलाखती घेतल्या, त्या शब्दशः उतरवल्या आणि उत्तरांची वर्गवारी करून निष्कर्ष काढले. एवढंच दोन ओळींत लिहावं. यूजर रिसर्च म्हणजे लोक एखादं अ‍ॅप किंवा वस्तू कशी वापरतात याचा अभ्यास, मार्केट रिसर्च किंवा स्वयंसेवी संस्थांच्या कामाचं मूल्यमापन करणाऱ्यांना त्यात आपलं रोजचं काम ओळखू येतं.

लिहिण्याचं म्हणाल, तर सगळ्यांना येतं ते मजकूर तयार करणं. घाईत असलेल्या माणसाला वाचून लगेच निर्णय घेता यावा, असं लिहिणं वेगळं. कॉलेजात आधी पार्श्वभूमी, मग सिद्धान्त आणि शेवटी निष्कर्ष, अशी सवय लागते. ऑफिसात हा क्रम उलटा हवा असतो, आणि लेखनचाचणीत चांगले विद्यार्थी नेमके इथेच मागे पडतात. त्यामुळे लेखनाचा नमुना म्हणून प्रकल्पाचा 60 पानी अहवाल पाठवू नये, तो कोणी उघडत नाही. त्याचं एक पान करावं: वर मुख्य निष्कर्ष, खाली दोन-तीन पुरावे, मग मर्यादा. ‘15 मुलाखतींवरून सगळ्याच घरकामगारांबद्दल बोलता येणार नाही’ हे वाक्य आवर्जून ठेवावं. संशोधनातल्या माणसाचा विश्वास बसतो तो अशाच वाक्यांवर. मुलाखत दिलेल्यांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील मात्र आधी काढायचे.

कोर्सच्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे. रिसर्चच्या कामाला एक्सेलमधलं सॉर्ट, फिल्टर आणि माहितीचा गटवार सारांश काढणारं पिव्होट टेबल लागतंच. पण ते घरी बसून शिकता येतं, त्यासाठी वर्ष घालवायची गरज नाही. त्याहून जास्त नुकसान चुकीच्या शोधाने होतं. नुसतं ‘कन्टेन्ट रायटर’ शोधलं की शब्दांवर पैसे देणारी कामंच जास्त दिसतात. ‘टेक्निकल रायटर’, ‘रिसर्च असोसिएट’, ‘कम्युनिकेशन्स असोसिएट’ ही पदनामंही टाकून पाहावीत आणि जाहिरातीतल्या पदनामापेक्षा कामाचं वर्णन नीट वाचावं.

मुलाखतीत एक प्रश्न आपणही विचारावा: “पहिल्या तीन महिन्यांत मी काय लिहीन, आणि ते कोण तपासेल?” तपासणारं कोणीच नसेल, तर पगार बरा असला तरी पहिली नोकरी म्हणून मी ती घेऊ नका असंच सांगेन.