घरीच आहात ना? मग एवढं कराच!

ठाण्यात घोडबंदर रोडला दोन बेडरूमचं घर झालं, कंपनीने घरून काम करायची मुभा दिली, आणि तरीही नातेवाईक तुम्हाला रिकामं समजत नाहीत? मग तुमचं कुठेतरी नक्की चुकतंय. कसारवडवलीपासून माजिवड्यापर्यंत हजारो माणसं दिवसभर लॅपटॉप उघडून बसूनही सगळ्या खानदानाच्या लेखी 'घरीच' असतात. तुम्हालाही हे सहज जमेल, फक्त पथ्यं नीट पाळायची.

सुरुवात बसण्याच्या जागेपासून करा. हॉलमध्ये, डायनिंग टेबलाशी, दाराकडे तोंड करून बसा. बेल वाजली की घरात सगळ्यात जवळ तुम्ही असायला हवं आणि आत येणाऱ्याला सगळ्यात आधी तुम्हीच दिसायला हवं. घरून काम करणाऱ्याचं काम कुणाला दिसत नाही, दिसतो फक्त बसलेला माणूस. ऑफिसात खुर्चीत मागे रेलून विचार करणारा विचार करताना दिसतो. घरी तोच माणूस पंख्याकडे बघत बसलाय, अशी नोंद होते. माइक बंद ठेवून अर्धा तास क्लायंटचं ऐकत असाल, तर लांबून ते मालिका बघण्यासारखंच दिसतं.

त्यात कानात बारीकसे इअरबड घाला, केसांआड लपतील असे. डोक्यावरून जाणारा जाडजूड हेडफोन कटाक्षाने टाळा. तो स्वयंपाकघरातूनही दिसतो. हेडफोन डोक्यावर असला की बोलायचं नाही, गळ्यात उतरला की खुशाल बोलायचं, एवढा नियम घरातल्या सहा वर्षांच्या पोरालाही चार दिवसांत कळतो आणि मग तुमची पंचाईत होते. चुकून घेतलाच असेल, तर संध्याकाळी गाणीही त्याच्यावरच ऐका. नियमाची वाट लागेल.

बेडरूमच्या दाराचंही तसंच. बंद करायचं तर सकाळी दहा ते संध्याकाळी सात सलग बंद ठेवा. मग आई दर तासाला चहा, कापलेलं सफरचंद नाहीतर 'काय करतोयस एवढं?' घेऊन हजर होतील. फक्त मीटिंगपुरतं दार लावून ती संपताच सताड उघडणारी काही नतद्रष्ट माणसं असतात. त्यांच्या घरी बंद दाराचा अर्थ 'थांबा' आणि उघड्याचा 'या' असा लागतो, आणि भांडायला विषयच उरत नाही.

आता मुद्द्याचं. कुणी काही सांगितलं की एकच उत्तर द्यायचं: 'मी कामात आहे.' या उत्तराची खुबी अशी की त्यातून कधी सुटाल ते कळत नाही. ऐकणाऱ्याला तो नकार वाटतो, शिवाय पुन्हा कधी विचारायचं हेही समजत नाही. म्हणून तो दहा मिनिटांनी परत विचारतो. तुम्ही परत 'कामात' म्हणता, तिसऱ्या वेळी आवाज चढतो आणि रात्री जेवताना ताटं जरा जास्त वाजतात. याउलट, 'पावणेतीनला मोकळी होतेय, तेव्हा करते' असं म्हणणाऱ्या सुनेला कुणी काही बोलू शकत नाही, कारण तिने नाही म्हटलेलंच नाही. फार धोकादायक वाक्य आहे ते. त्यात घड्याळ आहे.

अर्थात वेळ सांगूनही गोंधळ घालता येतो, त्यासाठी लंडनचा क्लायंट हवा. समजा त्यांची रोजची बैठक तिकडच्या सकाळी नऊला असते. उन्हाळ्यात आपल्याकडे तेव्हा दीड वाजलेला असतो. म्हणजे बरोबर पानं वाढायची वेळ. घरच्यांनी कुरकुरत का होईना, जेवण पाऊण वाजता आणलं. मग ऑक्टोबरचा शेवटचा रविवार येतो, तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, आपली जागची हलत नाहीत, आणि तीच बैठक अडीचला सुरू होते. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा दीडला. हे घरात सांगायचंच नाही. सोमवारी पाऊण वाजता घाईघाईने ताट वाढलं जाईल, तुम्ही दीड तास निवांत दिसाल, आणि अडीचला सगळे वामकुक्षीला आडवे होत असताना तुमचं 'गुड मॉर्निंग एव्हरीवन' सुरू होईल. त्यानंतर 'हिच्या मीटिंगा काय, हिला वाटेल तेव्हा असतात' हे मत कायमचं पक्कं. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर ते दोन रविवार लाल पेनाने गोल करून ठेवले, तर ही सगळी मजा बुडते. गॅसवाल्याच्या तारखा लिहायला जागा लागते, हे कारण सांगून ते टाळता येईल.

गॅसवरून आठवलं. 'दोन मिनिटांचं तर काम' या प्रकारावर वेगळी मेहनत घ्यावी लागते, आणि सरावासाठी सिलिंडरसारखं साधन नाही. ज्या सोसायटीत अजून पाइपलाइन आलेली नाही, तिथे हे दोन मिनिटांचं काम असं होतं. बेल वाजते. सिलिंडरवाला चार आकडी कोड मागतो. कोड ज्या मोबाइलवर आलाय, तो सासऱ्यांच्या खिशात आहे आणि सासरे तलावपाळीला फेरी मारायला गेलेत. त्यांना फोन लावायचा. त्यांचा चष्मा घरी राहिलाय, म्हणून शेजारच्या बाकावरचे गृहस्थ मेसेज वाचून दाखवतात, पण आधी मागच्या वेळचा. तोवर सिलिंडरचं वजन बघायचं: आत गॅस 14.2 किलो, रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं, दोन्हीची बेरीज काट्यावर यायला हवी. सील तपासायचं, टोपी काढून वायसर आहे ना ते बघायचं, गळतंय का ते बघायचं, रिकामी टाकी बाहेर सरकवायची, सुट्टे पैसे शोधायचे. तुम्ही परत खुर्चीत बसेपर्यंत टीम्सवरचा हिरवा ठिपका कधीच पिवळा झालेला असतो, कारण तो पाच मिनिटंच वाट बघतो. साहेबांनी 'आहात का?' विचारलेलं असतं. हातातलं एक्सेल कुठवर तपासलं होतं, ते मात्र पहिल्या ओळीपासून पुन्हा बघावं लागतं.

हे टाळायचे उपाय लाजिरवाणे वाटावेत इतके सोपे आहेत, म्हणून त्यांच्यापासून लांब राहा. कोडचा मेसेज आला की तो तिथल्या तिथे फ्रिजवर चिकटवणं, पैसे पाकिटात घालून त्याच्या शेजारी ठेवणं, सिलिंडर घ्यायचं काम घरातल्या मोकळ्या ज्येष्ठांकडे मानाने सोपवणं आणि वजन कसं बघायचं ते त्यांना एकदा दाखवणं. सासऱ्यांना तर असं काम आवडतंही. गळती, सील, वजन या विषयांवर सिलिंडरवाल्याशी त्यांचं जे जमेल, ते तुमचं कधी जमणार नाही. कुरियरचंही तेच. गेटवर ठेवायला सांगितलं की पार्सल तिथेच थांबतं, म्हणून सांगायचंच नाही.

इथवर प्राथमिक झालं. आता वरची परीक्षा: मुक्कामाचे पाहुणे.

समजा मुरबाडच्या काकांची वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात बुधवारी सकाळची वेळ आहे. आदल्या रात्री ते तुमच्याकडे उतरणार, हे उत्तमच. फोनवर ते म्हणतील, 'तू घरीच असतोस ना, मग येशील माझ्याबरोबर. दहा मिनिटांचं काम.' यावर 'बघतो काका' म्हणा. आपल्याकडे 'बघतो'चा अर्थ सांगणाऱ्याच्या मनात 'नाही' असतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात 'हो'. दोघंही निश्चिंत झोपतात. बुधवारी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर तयार, तुमची साडेनऊची मीटिंग, आणि घोडबंदर रोडवर नेहमीसारखी गाड्यांची रांग. आता नाही म्हणाल तर काकांचा अपमान, हो म्हणाल तर साहेबांचा. भांडण बुधवारी होत नाही. ते गणपतीत होतं, आरतीनंतर, चार माणसांत, 'आता यांना कुठे वेळ असतो' या स्वरूपात.

याची माती करायची असेल तर फोनवरच असं सांगावं लागतं: 'काका, राहायला नक्की या. सकाळी साडेनऊ ते बारा मला उठता येणार नाही. रिक्षा मी दारात बोलावून देतो. जुना पासपोर्ट, आधार आणि अपॉइंटमेंटची प्रिंट रात्रीच एका फाइलीत लावू. साडेबाराला आपण एकत्र जेवू.' यात काय जमेल ते आधी आलं, काय जमणार नाही ते तासांसकट आलं, आणि शेवटी जेवण आलं. शिवाय हे बोलणं मंगळवारच्या आधी झालं. असं ऐकल्यावर रुसायचं कशावर, हे काकांनाही सुचत नाही. तेव्हा हा फोन टाळाच.

टाळता येत नसेल, तर निदान तो बायकोला करायला लावा. काका तुमचे, फोन तिने करायचा. तेच शब्द भाच्याकडून किंवा पुतण्याकडून आले की 'पोरगा कामात आहे' होतं, सुनेकडून आले की 'हिला आमचं येणं नको' होतं. याच न्यायाने तुमच्या सासरवाडीला तुम्ही सांगा. ज्याचे नातेवाईक त्याने सांगायचं, ही पद्धत पाळणाऱ्या घरांत कटकटी फारच कमी होतात. जाता जाता एक निरीक्षण: एकाच घरात, एकाच प्रकारच्या नोकरीत, मुलगा 'मीटिंगमध्ये' असतो आणि सून 'लॅपटॉपवर'. तिने हे लक्षात आणून द्यायचं नाही. त्याने तर नाहीच नाही.

आणि शेवटचा हुकमी एक्का: साठवण. रोजच्या बारीकसारीक गोष्टी बोलायच्या नाहीत. जूनपासून साठवत राहायच्या आणि एखाद्या रात्री साडेअकराला फॅमिली ग्रुपवर, 'सर्वांसाठी सूचना' असं लिहून, मुद्द्यांना आकडे घालून टाकायच्या. नाव कुणाचंही घ्यायचं नाही, म्हणजे प्रत्येकाला ते आपल्यालाच वाटतं. डोंबिवलीची आत्या, जिने वर्षभरात तुम्हाला एकही काम सांगितलेलं नाही, ती सगळ्यात आधी ग्रुप सोडेल.

एवढं साधलं की नातेवाइकांपलीकडची दारं उघडतात. टाकी साफ करणाऱ्यांवर लक्ष ठेवायला सेक्रेटरी तुमच्याकडेच येतील. चौथ्या मजल्यावरचे प्लंबरसाठी चावी ठेवून जातील, सातव्याचे कामवालीसाठी. चाव्या एकाच वाटीत ठेवा, चिठ्ठ्या लावू नका. भर मीटिंगमध्ये बेल वाजेल, दारात प्लंबर उभा असेल, आणि कॅमेरा सुरू ठेवून तुम्हाला एकेक चावी उजेडात धरून बघायची आहे.