फिफो दुप्पट केला की झालं? नाही झालं

"फिफोची डेप्थ काढायला एकच सूत्र पुरतं, बर्स्टचे वर्ड गुणिले (१ वजा रीड रेट भागिले राइट रेट). भीती वाटली तर फिफो दुप्पट करा, मग कन्झ्युमर कितीही स्लो असू दे, डेटा जात नाही."

काल हे धाकट्या बहिणीने पाठवलं, चिप डिझाइनच्या इंटरव्ह्यूसाठी पाठ करत बसली होती, म्हणून आता लिहितोच. फिफो म्हणजे डेटा टाकणारा प्रोड्यूसर आणि उचलणारा कन्झ्युमर यांच्यामधली रांग, आणि डेप्थ म्हणजे तिच्यात किती वर्ड मावतात ते.

आधी ते "कितीही स्लो" बघू, कारण सगळ्यात भयंकर तेच आहे. समजा प्रोड्यूसर १०० मेगाहर्ट्झवर सलग ८० वर्ड टाकतो आणि मग ८० क्लॉक गप्प बसतो. म्हणजे सरासरी मायक्रोसेकंदाला ५० वर्ड. कन्झ्युमर ४८ च उचलतो. मग दर मायक्रोसेकंदाला २ वर्ड शिल्लक राहतात आणि ते कुठेच जात नाहीत. १०२४ चा फिफो साधारण अर्ध्या मिलिसेकंदात भरतो, दुप्पट केलात तर एका मिलिसेकंदात, बस्स! आणि गंमत म्हणजे सिम्युलेशन १०० मायक्रोसेकंदच चालवलं तर सगळं हिरवंगार दिसतं, बोर्डवर मात्र वर्ड गायब. ओळखायचं कसं, तर प्रत्येक बर्स्टनंतरची सगळ्यात जास्त भरलेली पातळी नोंदवा, ती दरवेळी थोडी चढत असेल तर फिफोला हात लावू नका, रेट सुधारा नाहीतर प्रोड्यूसरला थांबवायची सोय करा.

आता सूत्र. ठीक आहे, एकट्या बर्स्टला ते बरोबर आहे, मान्य. कन्झ्युमर ६० मेगाहर्ट्झवर दर क्लॉकला एक वर्ड घेत असेल तर ८० वर्ड यायला ०.८ मायक्रोसेकंद लागतात, तेवढ्यात ४८ निघून जातात, उरले ३२. पण स्पेकमध्ये बहुतेक वेळा "दर १६० क्लॉकमध्ये ८० वर्ड" एवढंच लिहिलेलं असतं, ते ८० नेमके कधी येतील हे कोणी सांगत नाही. एका खिडकीच्या शेवटी ८० आणि पुढचीच्या सुरुवातीला ८० आले की सलग १६०! १.६ मायक्रोसेकंदात ९६ निघाले, उरले ६४. ३२ चा फिफो पहिल्या ८० वर्डनंतरच काठोकाठ.

बरं, मग ६४ घेऊ? तेही नाही. दोन वेगळ्या क्लॉकमध्ये पॉइंटर दोन फ्लॉपमधून पलीकडे जातो, त्यामुळे रीडर २-३ क्लॉक उशिरा जागा होतो आणि रिकामी झालेली जागा रायटरलाही उशिराच कळते. क्लिफर्ड कमिंग्ज यांच्या २००२ च्या असिंक्रोनस फिफोवरच्या पेपरात हे नीट आहे, फुल फ्लॅग उशिरा उतरतो, तो मुद्दाम सावध असतो. म्हणजे अजून पाचेक वर्ड, ७० च्या आसपास. ग्रे कोडचे साधे पॉइंटर असतील तर डेप्थ दोनच्या घातातच लागते, म्हणून १२८.

बहिणीला तेवढंच सांगितलं, उत्तर द्यायच्या आधी विचार, "दोन बर्स्ट चिकटून येऊ शकतात का?"