वॅट, चुंबक आणि भरीत

इंडक्शन घ्यायला गेलं की विक्रेता सगळ्यात आधी वॅट सांगतो, जसा स्थळ आणणारा आधी पगार सांगतो. सीताबर्डीच्या दुकानात तो पोरगा म्हणाला, "दोन हजार वॅट आहे काका, तीन मिनिटांत लिटरभर पाणी उकळते." हे खोटं नाही, साधारण तेवढाच वेळ लागतो. पण ते तीन मिनिटांचं पाणी भिंतीतून किती करंट ओढतं, हे तो सांगत नाही. २००० वॅटला जवळपास पावणेनऊ अँपिअर लागतात. आमच्या ओट्याजवळचं सॉकेट मिक्सरचं, सहा अँपिअरचं. सहा गुणिले २३० म्हणजे १३८०, त्याची मजल तिथवरच.

पोराकडे तोडगा तयार होता. जाड पिनांचा प्लग बारीक सॉकेटात घुसवणारा कन्व्हर्टर. "सगळेच लावून राहिले जी." लावतात खरे. तो आधी पिवळा पडतो, मग तपकिरी, आणि एक दिवस फोडणीच्या आधीच जळका वास येतो. घरात १६ अँपिअरचं सॉकेट एकच, न्हाणीघरात गीझरपाशी. हिचं म्हणणं, "मग तिथेच बसून करा स्वयंपाक, पाणीही जवळ आहे." वायरमनकडून ओट्यापर्यंत जाड वायरची वेगळी लाइन ओढून घेणं त्यापेक्षा सोपं होतं. ज्याला भिंत फोडायची नाही त्याने १२०० वॅटचं मॉडेल घ्यावं. पाणी पाच मिनिटांनी उकळेल. तेवढ्या दोन मिनिटांनी नागपुरात कोणाची गाडी चुकल्याचं ऐकिवात नाही.

मग भांडी. त्यासाठी फ्रिजवरचं चुंबक खिशात घालायचं. भांड्याच्या बुडाला ते खटकन चिकटलं तर भांडं चालेल. ओघळून खाली आलं तर नाही. घरी सुरुवात केली. आईचा पितळी गंज नापास. ॲल्युमिनियमची पातेली नापास. लखलखीत स्टीलचा डबा, ज्याचा हिला फार अभिमान, तोही नापास, कारण सगळ्याच स्टीलला चुंबक धरत नाही. पोळ्यांचा काळाकुळकुळीत लोखंडी तवा मात्र पहिला आला. लोखंडी कढईलाही चुंबक चिकटलं, पण तिचं बूड गोल. काचेला ती ठिपक्याएवढीच टेकणार, म्हणून बाद. चहाचं एक कपाचं भांडं इतकं छोटं की खालच्या कॉइलला ते दिसतच नाही आणि यंत्र बसतं टूं टूं करत.

इतवारीत नवी भांडी घेताना मी प्रत्येक पातेलं उलटं करून चुंबक लावू लागलो. दुकानदार बराच वेळ बघत होता. "काहून जी, भांडं घेऊन राहिले का बुडाची तपासणी करून राहिले?" मी सांगितलं, कुकरचं बूडच तपासायचं असतं. 'इंडक्शन बेस' असं लिहिलेल्या ॲल्युमिनियमच्या कुकरला खाली स्टीलची चकती असते. ती पुरेशी मोठी हवी आणि बूड सपाट हवं. मी पट्टी आडवी धरून पाहिली तर मध्ये फट दिसली. तो कुकर परत फळीवर गेला आणि दुकानदाराचा चेहरा पडला.

ब्रँडचा प्रश्न मी विक्रेत्याला विचारलाच नाही. घराजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याच्या टेबलाखाली मेलेल्या इंडक्शनचा ढीग. त्यात एकाच कंपनीचे तुकडे जास्त, म्हणून मी ती कंपनी यादीतून खोडणार, तोच तो म्हणाला, "विकतेच तो जास्त, तर येईनही जास्त. याचं आतलं सर्किटचं कार्ड मिळते, तो दुरुस्त होते. तो कोपऱ्यातला पाह्य, ऑनलाइनचा. चांगला होता, पण पार्टच नाही. त्याले झुरळाच्या स्वाधीन केला." मग त्याने एक उघडून दाखवला. आत पंखा, तांब्याची कॉइल आणि एक काळा चौकोनी तुकडा, आयजीबीटी, म्हणजे कॉइलचा करंट झपाट्याने चालू-बंद करणारा स्विच. तोच बहुतेकदा उडतो. पंखा तुपकट धुळीने गच्च झाला की हवा खेळत नाही, आणि मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघरातली हवा आधीच तापलेली. झुरळं आतल्या उबेला येतात आणि कार्डावर शॉर्ट करतात. "काम झालं की भिंतीचं बटन लगेच बंद नका करू. पंखा थांबू द्या." टच पॅनलपेक्षा दाबायची बटणं घ्या, हाही त्याचाच सल्ला. बटण स्वस्तात बदलता येतं.

घेण्याआधी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून पिनकोड सांगितला. माणूस घरी येतो की यंत्र उचलून न्यावं लागतं, आणि याच मॉडेलचं कार्ड नागपुरात मिळतं का, एवढंच विचारलं. एका कंपनीने उत्तरादाखल संगीत ऐकवलं. दुसऱ्या कंपनीने सेंटरचा पत्ता दिला. इंडक्शन तिथलं आलं.

पोळ्या, डाळ, भात, सगळं होतं. वांगं भाजायला मात्र ज्वाळा लागते. भरिताची वांगी शेजारच्या काकूंच्या गॅसवर जातात आणि अर्धं भरीत भाडं म्हणून तिकडेच राहतं.