नाव एकदा ऐकलं की टाइप करता आलं पाहिजे

माझ्यासोबत चार वर्षं सेकंड शूटर म्हणून काम केलेला मित्र आता स्वतःचा वेडिंग फोटोग्राफीचा स्टुडिओ काढतोय. परवा फोन आला, "दादा नाव फायनल, क्षण स्टोरीज!" लोगोपण करायला दिला होता. मी म्हटलं आधी इन्स्टाग्रामवर सर्च करून बघ. क्षण, मोमेंट्स, मेमरीज, स्टोरीज, फ्रेम्स, फिल्म्स, हेच पाच-सहा शब्द उलटसुलट जोडलेली नावं, खाली स्क्रोल करत गेलो तरी संपेनात.

माझं ठाम मत आहे की आपल्या धंद्यात नाव तोंडातून कानात जातं. हॉलमध्ये स्पीकर चालू असतो, कुणीतरी नवरीच्या बहिणीला विचारतं फोटोग्राफर कोण गं, ती ओरडून एक शब्द सांगते आणि समोरचा तो तिथेच फोनवर टाइप करतो. तिथे चुकला तर तुमचं काम कितीही भारी असू दे, तो दुसऱ्याच्याच पेजवर पोचतो आणि तुम्हाला कधी कळतही नाही.

म्हणून आम्ही टेस्ट केली. दहा जणांना फोन लावला, नाव फक्त एकदा सांगितलं आणि इंग्रजीत टाइप करून पाठवा म्हटलं. क्षणचं कुणी kshan केलं, कुणी kshana, एकाने तर xan. बरोबर स्पेलिंग फक्त चौघांचं. अंडरस्कोर लावून हँडल मिळत होतं पण अंडरस्कोर तोंडाने कोण सांगणार?

मग त्याला 'कवडसा' आवडलं, मलाही फार आवडलं होतं खरं तर, पण kavadsa आणि kawadsa निम्मे निम्मे आले. व आणि क्ष असलेल्या शब्दांत हे होणारच, दीर्घ आ किंवा ई असेल तरी थोडंफार होतं. शेवटी 'तिरीप'. नऊ जणांनी tirip लिहिलं, एकाने tireep. इंग्रजीत पाच अक्षरं, फोटोच्या कोपऱ्यात वॉटरमार्क बारीक केला तरी वाचता येतं, आणि अर्थ उजेडाचा, फोटोचा शब्दही न वापरता.

याचा अजून एक फायदा आहे. नुसतं काम सांगणारं नाव, म्हणजे 'बेस्ट वेडिंग फोटोज' टाइप, ट्रेडमार्क करणं अवघड जातं कारण ते शब्द सगळ्यांचेच असतात. कॅमेरे बनवणाऱ्या जॉर्ज इस्टमनने १८८८ मध्ये कोडॅक हा शब्द चक्क बनवला होता, छोटा आणि उच्चारात न चुकणारा हवा म्हणून. आपण अगदी नवा शब्द बनवायलाच हवा असं नाही, पण तिरीपसारखा आडून सुचवणारा शब्द वर्णन करणाऱ्यापेक्षा बराच सुरक्षित. ट्रेडमार्कच्या वर्गवारीत फोटोग्राफी सर्व्हिस क्लास ४१ मध्ये येते, तिथे सारख्या उच्चाराचं नाव आधीच कुणाचं आहे का ते शोधायचं, फक्त सेम स्पेलिंग बघून थांबायचं नाही.

मित्राचं ते शोधणं आता चालू आहे, tireep हे हँडलपण त्याने घेऊन ठेवलंय, आणि लोगोवाल्याला सध्या थांबायला सांगितलंय.